एफई सोडियम आणि एफई युरिया: लघवीची गोळी चालू असताना कुठला आकडा धरायचा?

मेडिसिन वॉर्डातले रेसिडेंट, आयसीयूतल्या सिस्टर आणि तालुक्याच्या हॉस्पिटलात एकट्याने राउंड घेणारे डॉक्टर हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. पेशंटच्या घरच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. मात्र रिपोर्ट हातात धरून घरच्या घरी औषध बंद-चालू करण्यासाठी ही उत्तरं लिहिलेली नाहीत.

एफई सोडियम नेमकं काय सांगतं?

किडनीच्या गाळणीतून जेवढं सोडियम नलिकेत उतरलं, त्यातलं शेकडा किती लघवीवाटे बाहेर गेलं, एवढंच. उरलेलं नलिकेने परत रक्तात घेतलं असं धरायचं.

लघवीतलं नुसतं सोडियम बघितलं तर फसायला होतं, कारण लघवी पातळ की घट्ट यावर तो आकडा खालीवर होतो. क्रिएटिनिन नलिकेत परत शोषलं जात नाही. त्यामुळे सोडियमची तुलना क्रिएटिनिनशी केली की पाण्याच्या कमी-जास्तीचा प्रश्न निकालात निघतो.

क्रिएटिनिन अचानक वाढलेल्या पेशंटमध्ये याचा उपयोग काय?

अशा वेळी दोन शक्यता डोळ्यांपुढे असतात. एक, किडनीकडे रक्त कमी जातंय पण नलिका शाबूत आहेत. याला प्रीरीनल म्हणतात. दुसरी, नलिकेच्या पेशींनाच मार बसलाय. याला अक्यूट ट्युब्युलर नेक्रोसिस, म्हणजे एटीएन म्हणतात.

शाबूत नलिकेला रक्त कमी पडतंय असं जाणवलं की ती मीठ आणि पाणी धरून ठेवते. अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन, अँटिडाययुरेटिक हॉर्मोन सगळे त्याच कामाला लागतात. अशा वेळी एफई सोडियम १ टक्क्याच्या खाली जातं. मार बसलेली नलिका धरून ठेवू शकत नाही, म्हणून आकडा २ टक्क्यांच्या, कधी ३ च्या वर जातो. मधल्या पट्ट्यात काहीच ठरत नाही.

सूत्र काय, आणि लॅबला काय पाठवायचं?

```
FENa (%)   = (U_Na × P_Cr) / (P_Na × U_Cr) × 100
FEUrea (%) = (U_Urea × P_Cr) / (P_Urea × U_Cr) × 100
```

`U` म्हणजे लघवीतलं प्रमाण, `P` म्हणजे रक्तातलं. चोवीस तासांची लघवी गोळा करायची गरज नाही. एका वेळची लघवी आणि त्याच सुमाराचं रक्त पुरतं. लघवीत सोडियम, क्रिएटिनिन, युरिया आणि रक्तात तेच तीन, अशा सहा आकड्यांवर दोन्ही हिशेब होतात. तेव्हा फॉर्म भरतानाच लघवीच्या युरियावर टिक करा. तो नंतर मागवायला गेलं तर नमुना फेकून दिलेला असतो.

कॅथेटर असलेल्या पेशंटच्या बॅगेतली लघवी पाठवू नका. त्या बॅगेत सकाळच्या इंजेक्शनच्या आधीची, नंतरची आणि सलाइन दिल्यानंतरची लघवी एकत्र झालेली असते. कॅथेटरच्या पोर्टमधून ताजा नमुना घ्या आणि फॉर्मवर दोन वेळा लिहा: नमुना कधी घेतला, आणि डाययुरेटिकचा शेवटचा डोस कधी गेला. दुसरी वेळ जवळजवळ कुणी लिहीत नाही, आणि अर्थ लावताना तीच सगळ्यात आधी लागते.

ही १ टक्क्याची रेघ आली कुठून? निरोगी माणसाचा आकडा किती असतो?

निरोगी माणसाचाही आकडा १ च्या खालीच असतो, आणि इथेच बरेच जण चकतात. निरोगी किडनी दिवसाला सुमारे १८० लिटर गाळते. लिटरला १४० मिलिइक्विव्हॅलंट धरले तर नलिकेत पंचवीस हजारांच्या वर सोडियम उतरतं. दिवसाला साधारण ९ ग्रॅम मीठ खाणारा माणूस १५० मिलिइक्विव्हॅलंट सोडियम घेतो आणि तेवढंच बाहेर टाकतो. म्हणजे ०.६ टक्के. तो काही प्रीरीनल नाही, मजेत जेवतोय.

१ टक्क्याची रेघ ज्यांची गाळणी खूपच मंदावलीय आणि लघवी कमी झालीय अशा पेशंटसाठी आखली गेली. १९७६ साली एस्पिनेल यांनी ही चाचणी मांडली तेव्हा त्यांच्याकडे लघवी कमी झालेले अवघे १७ पेशंट होते. १.१ चं क्रिएटिनिन १.४ झालं म्हणून एफई सोडियम काढलं आणि ०.७ आलं, तर त्यातून काहीच कळत नाही.

जुन्या किडनीच्या आजारात उलटं होतं. गाळणी मिनिटाला ३० मिलिलिटर असेल तर दिवसाला जेमतेम ४३ लिटर गाळलं जातं आणि सहा हजारांच्या आसपास सोडियम उतरतं. पेशंट मीठ तेवढंच खातो, म्हणून १५० बाहेर टाकायला त्याला २.५ टक्के सोडावंच लागतं. ही त्याची रोजची, तब्येत बरी असतानाची पातळी. उद्या जुलाब होऊन तो कोरडा पडला तरी त्याचा आकडा १ च्या खाली उतरेलच असं नाही.

डाययुरेटिकने सोडियमचा आकडा का बिघडतो?

कारण डाययुरेटिकचं कामच ते आहे. फ्युरोसेमाइड, ज्याला वॉर्डात सगळे लॅसिक्सच म्हणतात, आणि टॉर्सेमाइड ही औषधं हेन्लेच्या वळशाच्या जाड चढत्या भागातला सोडियमचा पंप अडवतात. गाळलेल्या सोडियमपैकी सुमारे पाव हिस्सा त्या एका जागी परत घेतला जातो. ती जागा बंद केली की पुढचे भाग थोडंफार सावरतात, पण सगळं नाही.

पेशंट कितीही कोरडा असो, अल्डोस्टेरॉन कितीही चढलेलं असो, औषधाचा अंमल असेपर्यंत नलिकेला सोडियम सोडावंच लागतं. तिला धरायचं असतं, पण तिचा हात औषधाने बांधलेला असतो. अशा वेळी आकडा २.३ आला तर तो नलिकेला मार बसल्यामुळे की औषधामुळे, हे त्या आकड्यातून सांगता येत नाही.

थायाझाइडचा परिणाम त्यामानाने थोडा, कारण ती औषधं ज्या भागावर चालतात तिथे शोषण मुळात पाच-सात टक्क्यांचंच. तरी १ टक्क्याची रेघ ओलांडायला तेवढं पुरतं. स्पायरोनोलॅक्टोनचा धक्का आणखी सौम्य असतो, पण तोही हळूहळू आणि बरेच दिवस टिकणारा.

शेवटचा डोस किती वेळापूर्वी गेला असेल तर सोडियमचा आकडा चालेल?

किडनी ठीक असेल तर फ्युरोसेमाइडच्या गोळीचा अंमल सहा ते आठ तास आणि शिरेतून दिलेल्या डोसचा साधारण दोन तास राहतो. टॉर्सेमाइड जास्त टिकतं. क्लोरथॅलिडोन दोन-तीन दिवस रेंगाळतं. गंमत अशी की रक्तदाबाच्या एकत्रित गोळीतून ते घेणाऱ्या पेशंटला आपण डाययुरेटिक घेतो हे माहीतच नसतं. म्हणून "लघवीची गोळी चालू आहे का?" एवढं विचारून थांबू नका, गोळ्यांची पाकिटं मागून बघा.

आपला पेशंट मात्र किडनी बिघडलेला असतो, आणि बिघडलेल्या किडनीत फ्युरोसेमाइडचा निचरा लांबतो. म्हणून सहा तास उलटले की आकडा स्वच्छ झाला असं धरू नये. अभ्यासांमध्येही मागच्या २४ तासांत डोस गेला असेल तर पेशंटला सहसा डाययुरेटिकच्या गटातच धरतात. वॉर्डात तीच रीत ठेवलेली बरी.

दुसरी बाजूही आहे. फ्युरोसेमाइडचा अंमल उतरल्यावर किडनी गमावलेलं मीठ भरून काढायला लागते, आणि पुढचे काही तास सोडियम घट्ट धरते. त्या वेळी घेतलेल्या नमुन्यात आकडा फार कमी दिसू शकतो. तेव्हा डोसनंतर दोन तासांनी घेतलेला आणि बारा तासांनी घेतलेला नमुना एकाच पेशंटमध्ये दोन निराळ्या गोष्टी सांगतील. नलिकेची तब्येत मधल्या काळात तसूभरही बदललेली नसेल.

डाययुरेटिक चालू असूनही एफई सोडियम १ च्या खाली आलं, तर?

तर तो आकडा फेकून देऊ नका. औषध सोडियम बाहेर ढकलत असतानाही नलिकेने ते धरलं, याचा अर्थ ती बऱ्यापैकी शाबूत आहे. डाययुरेटिकवर वर गेलेला आकडा निरुपयोगी असतो, खाली आलेला नव्हे. फक्त वर सांगितलेला अंमल उतरल्यानंतरचा काळ आणि खाली येणारे इतर अपवाद मनात ठेवावेत.

मग युरिया कशासाठी?

युरियाचं बरंचसं शोषण फ्युरोसेमाइड जिथे चालतं त्या जागेच्या आधी, नलिकेच्या अगदी सुरुवातीच्या भागात होतं. शरीर कोरडं पडलं की त्या भागात सोडियम आणि पाणी जोरात ओढलं जातं, आणि युरिया त्यांच्या मागोमाग जातो. शेवटी, संकलन नलिकेच्या आतल्या टोकाला, अँटिडाययुरेटिक हॉर्मोनच्या हुकमावर आणखी थोडा युरिया परत येतो. मधल्या वळशातला सोडियमचा पंप बंद असला तरी या दोन जागांचं काम बहुतांशी चालू राहतं.

निरोगी माणसात एफई युरिया साधारण ५० ते ६५ टक्के असतं. प्रीरीनलमध्ये ते ३५ च्या खाली उतरतं, एटीएनमध्ये ५० च्या वर राहतं. पस्तीस ते पन्नास हा धूसर पट्टा.

फ्युरोसेमाइडचा युरियावर काहीच परिणाम होत नाही, हे मात्र खरं नाही. ते मेड्युलातला क्षारांचा चढ धुऊन काढतं आणि प्रवाह वाढवतं, त्यामुळे शेवटच्या टोकाचं शोषण थोडं कमी होतं. परिणाम आहे, पण सोडियमवर होतो त्याच्या मानाने लहान.

एखाद्या पेशंटवर करून दाखवाल का?

शिकवण्यासाठी रचलेलं उदाहरण घेऊ. ६८ वर्षांच्या आजी, हृदयाचं पंपिंग कमी असल्यामुळे फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि एनालाप्रिल चालू. तीन दिवस जुलाब, खाणं जवळजवळ बंद, पण गोळ्या मात्र नेमाने घेतल्या, कारण मागच्या वेळी गोळी चुकवली म्हणून डॉक्टर रागावले होते. सकाळी ८ वाजता गोळी, ११ वाजता कॅज्युअल्टीत. रक्तदाब ९६/६०, जीभ कोरडी, मानेच्या शिरा सपाट, छातीत घरघर नाही, पायावर सूज नाही. दोन महिन्यांपूर्वीचं क्रिएटिनिन १.१.

आजचं रक्त: सोडियम १३४, युरिया ११८, क्रिएटिनिन २.४. लघवी: सोडियम ५८, युरिया ६४०, क्रिएटिनिन ६२. सोडियम लिटरला मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, बाकी डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये.

```
FENa   = (58 × 2.4) / (134 × 62) × 100 = 1.7 %
FEUrea = (640 × 2.4) / (118 × 62) × 100 = 21 %
```

नुसतं सोडियम बघणारा इथे अडकतो. १.७ म्हणजे एकच्या वर, दोनच्या खाली. "प्रीरीनल नाही, एटीएनकडे झुकतंय" असं कुणी लिहिलं, की पुढच्या माणसाचा हात सलाइनकडे जायला कचरतो, त्यात हृदयाचा पेशंट. पण गोळी तीनच तासांपूर्वी गेलीय, म्हणजे नमुना औषध ऐन भरात असताना घेतलाय. १.७ वर काहीही ठरवायचं नाही. एफई युरिया २१ आलंय, नलिका युरिया जोरात ओढतेय, म्हणजे ती शाबूत असण्याची शक्यता मोठी.

आता बाकीचं ताडून बघा. तीन दिवसांचे जुलाब आहेत, रक्तदाब खाली आहे, क्रिएटिनिनच्या मानाने युरिया जास्त चढलाय. लघवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर काचेसारखे पारदर्शक कास्ट दिसले, एटीएनमध्ये दिसणारे मातकट तपकिरी कास्ट दिसले नाहीत. सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय.

दोन्ही गोळ्या थांबवल्या. रिंगर लॅक्टेट ५०० मिलिलिटर दोन तासांत दिलं, पुन्हा छाती ऐकली, मानेच्या शिरा बघितल्या, मग आणखी ५००. संध्याकाळपर्यंत ताशी लघवी २० वरून ५० मिलिलिटरवर आली. दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन १.७, चौथ्या दिवशी १.२. निदान पक्कं झालं ते या उतरत्या क्रिएटिनिनने. लघवीच्या आकड्याने फक्त पहिल्या दिवशी सलाइन द्यायचा धीर दिला.

एफई युरिया कुठल्याही डाययुरेटिकमध्ये चालतं का?

नाही. फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, थायाझाइड यांच्यात चालतं, कारण ती औषधं पहिल्या भागाला फारशी हात लावत नाहीत. अॅसिटाझोलामाइड त्याच पहिल्या भागात काम करतं. मॅनिटॉल तर पाणीच शोषू देत नाही, आणि युरिया पाण्याच्या मागे जाणारा. या दोन्हींत एफई युरियाही खोटंच वर जातं. डोक्याला मार लागून मॅनिटॉल चालू असलेल्या पेशंटमध्ये दोन्ही आकडे बाजूला ठेवा.

साखर खूप वाढून लघवीत उतरत असेल तर तीही मॅनिटॉलसारखीच वागते. हल्ली डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणारे पेशंट पुष्कळ दिसतात. मधुमेहाच्या आणि हृदयाच्याही फायलीत ही नावं असतात, पण डाययुरेटिकच्या रकान्यात त्यांना कुणी लिहीत नाही. या गोळ्या पहिल्या भागात साखरेबरोबर सोडियमचं शोषणही अडवतात, म्हणून त्या चालू असतील तर दोन्ही आकड्यांकडे सावधपणे बघावं.

एफई युरियावर कितपत भरवसा ठेवायचा?

रेसिडेंट लोकांना पाठ असतो तो २००२ सालचा कार्वूनिस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास. त्यात १०२ प्रसंग होते. डाययुरेटिक न घेतलेल्या प्रीरीनल पेशंटपैकी ९२ टक्क्यांचं एफई सोडियम १ च्या खाली होतं; डाययुरेटिक घेतलेल्यांत हेच प्रमाण ४८ टक्के, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. त्याच डाययुरेटिकवाल्यांत एफई युरिया ३५ च्या खाली असलेले ८९ टक्के निघाले. तेव्हापासून "डाययुरेटिक असेल तर युरिया बघा" हे वाक्य रूढ झालं.

२००७ साली पेपँ आणि सहकाऱ्यांचे कॅनडातले ९९ पेशंट आले आणि चित्र इतकं गोड राहिलं नाही. डाययुरेटिक घेतलेल्यांत एफई युरियाने लवकर सावरणारे पेशंट बऱ्यापैकी पकडले, पण ज्यांची किडनी पुढे बरेच दिवस बिघडलेली राहिली त्यांच्यातल्या साधारण दोन तृतीयांशांचा आकडाही ३५ च्या खालीच होता. आकडा सरसकट "प्रीरीनल" म्हणत सुटला होता.

दोन्ही अभ्यासांतले पेशंट सारखे नव्हते आणि प्रीरीनल कुणाला म्हणायचं याच्या व्याख्याही वेगळ्या होत्या, त्यामुळे एकाने दुसरा खोडला असं मी म्हणणार नाही. माझा कल असा: डाययुरेटिक चालू असताना सोडियमपेक्षा युरिया बरा, पण तो कल दाखवतो, निकाल देत नाही. १८ किंवा ६५ आला तर त्याला वजन द्या. ३३ आणि ३८ यांच्यात फरक करत बसू नका. सेप्सिसच्या पेशंटमध्ये तर दोन्ही आकडे फार जपून वापरावेत. तिथे एकाच किडनीत रक्ताची कमतरता आणि नलिकेची इजा एकत्र नांदतात, आणि एका आकड्याने दोघींना वेगळं काढायची अपेक्षा चुकीची आहे.

हिशेब बरोबर केला तरी एफई युरिया विचित्र येतं. काय चुकत असेल?

पहिला संशय लॅबच्या एककावर घ्या. आपल्याकडच्या बहुतेक लॅब रक्तातला युरिया "युरिया" म्हणून देतात, काही जण "युरिया नायट्रोजन" म्हणून. युरियाचा आकडा युरिया नायट्रोजनच्या २.१४ पट असतो. दोन्ही नमुने एकाच पद्धतीने दिलेले असतील तर सूत्रात काही फरक पडत नाही. घोटाळा होतो तो रक्त एका पद्धतीने आणि लघवी दुसऱ्या पद्धतीने आल्यावर. लघवी बाहेरच्या लॅबला गेली असेल तर हमखास.

समजा खरोखरीचा एटीएन आहे. रक्तात युरिया १५०, क्रिएटिनिन ४. लघवीत युरिया १०००, क्रिएटिनिन ५०. एफई युरिया ५३ टक्के, म्हणजे एटीएनला साजेसं. आता लघवीचा रिपोर्ट युरिया नायट्रोजनमध्ये आला तर १००० च्या जागी ४६७ छापलेलं असेल, आणि तुमचं उत्तर २५ टक्के येईल. आकडेमोड अचूक, निदान नेमकं उलटं. रिपोर्टवर कुठे "बीयूएन" किंवा "नायट्रोजन" लिहिलंय का ते बघा, शंका असेल तर लॅबला फोन करा.

इंग्लंडमध्ये किंवा आखातात काम करणाऱ्यांची अडचण वेगळी. तिथे रक्तातलं क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये आणि लघवीतलं मिलिमोलमध्ये देतात. एक हजाराने भागायचं राहून गेलं तर उत्तर इतकं वेडंवाकडं येतं की ती चूक लगेच लक्षात तरी येते.

आकडा कमी, पण प्रीरीनल नाही, असं कधी होतं?

डाय दिल्यानंतरची किडनीची इजा, स्नायू विरघळून किंवा रक्तपेशी फुटून रंगद्रव्य नलिकेत उतरणं, अक्यूट ग्लोमेरुलोनेफ्रायटिस, लघवीचा मार्ग नुकताच अडलेला असणं. या सगळ्यांत एफई सोडियम १ च्या खाली असू शकतं. सापाने चावल्यानंतर काळपट लघवी होणारा शेतकरी आणि ०.६ चा आकडा एकत्र दिसले, तर "फक्त सलाइन कमी पडलंय" असं समजून गाफील राहू नका.

उलटा अपवाद कोकणात, गोव्यात आणि पावसाळ्यातल्या मुंबईत भेटतो: लेप्टोस्पायरोसिस. हे जंतू नलिकेच्या पहिल्या भागातलं सोडियमचं शोषणच बिघडवतात. पेशंट कोरडा असतो, तरी लघवी चांगली होते, सोडियम भरपूर जातं आणि त्याच्यामागे पोटॅशियमही. क्रिएटिनिन ४ आणि पोटॅशियम ३.१ अशी जोडी दिसली की आधी त्याचा विचार करावा. अशा वेळी एफई सोडियम ३ आलं म्हणून "एटीएन आहे, पाणी नको" म्हणणं धोक्याचं, कारण त्याला पाणी आणि पोटॅशियम दोन्ही हवं असतं.

उलट्यांचाही एक अपवाद आहे. खूप उलट्या झाल्या की लघवीतून बायकार्बोनेट जातं आणि सोडियमला बरोबर घेऊन जातं. तिथे लघवीतलं क्लोराइड बघा, ते खाली असेल.

लिव्हर सिरॉसिसच्या पेशंटमध्ये?

तिथे किडनी आधीपासूनच सोडियम इतकं घट्ट धरून असते की एटीएन झाला तरी एफई सोडियम १ च्या खाली राहू शकतं, आणि बहुतेक पेशंट डाययुरेटिकवर असतातच. एफई युरिया त्यामानाने उपयोगी ठरतं, पण हेपॅटोरीनलमध्ये ते फारच खाली जातं, त्यामुळे रेघा वेगळ्या धराव्या लागतात. अल्ब्युमिन देऊन काय फरक पडतो, हे तिथे जास्त बोलतं.

आकडा प्रीरीनल आला म्हणजे सलाइन द्यायचं, बरोबर?

नाही. प्रीरीनल म्हणजे किडनीला रक्त कमी पोचतंय, एवढंच. वरच्या आजींमध्ये ते शरीरात पाणीच कमी असल्यामुळे होतं. हृदय फुगून पाय सुजलेल्या, फुप्फुसात पाणी भरलेल्या पेशंटमध्येही एफई युरिया २० येईल, कारण हृदय पुढे रक्त ढकलत नाही आणि किडनीला कोरडेपणाच जाणवतो. तिथे सलाइन दिलं तर श्वास कोंडेल. त्याला उलट डाययुरेटिक वाढवून द्यावं लागतं, आणि दिल्यावर बरेचदा क्रिएटिनिन उतरतं. पाणी कमी की जास्त हे लघवीच्या आकड्यात लिहिलेलं नसतं. त्यासाठी मानेच्या शिरा, छाती, वजनाचा तक्ता आणि जमल्यास सोनोग्राफीवर पोटातल्या मोठ्या शिरेची जाडी बघावी लागते.

डाययुरेटिक बंद करून दुसऱ्या दिवशी पुन्हा नमुना घ्यावा का?

पेशंट स्थिर असेल तर घेता येईल, पण त्या एका आकड्यासाठी उपचार थांबवू नका. शक्य असेल तर नमुना पहिल्या डोसच्या आणि पहिल्या सलाइनच्या आधी, कॅज्युअल्टीतच घेऊन ठेवावा. सिस्टरना सांगून ठेवलं तर लघवी आणि रक्त दोन्ही नमुने पाच मिनिटांत होतात, आणि पुढचा अर्धा वाद मिटतो.

नलिकेची क्षमता कळायला डाययुरेटिकचाच उपयोग करता येतो का?

हो, त्याला फ्युरोसेमाइड स्ट्रेस टेस्ट म्हणतात. पेशंट कोरडा नाही याची आधी खात्री करायची. आधी फ्युरोसेमाइड न मिळालेल्या पेशंटला किलोला १ मिलिग्रॅम, आधी मिळत असेल तर दीड मिलिग्रॅम, शिरेतून. पुढच्या दोन तासांत २०० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी झाली तर किडनी आणखी बिघडण्याची आणि डायलिसिसकडे जाण्याची शक्यता वाढते. औषध रक्तातून नलिकेच्या पेशींत शिरून मगच आतल्या पंपापर्यंत पोचतं, म्हणून लघवी झाली याचा अर्थ त्या पेशी अजून काम करताहेत. झालेल्या लघवीइतकं पाणी भरून द्यायचं, पेशंटमध्ये पाणी जास्त झालेलं असेल तर सोडून. वरच्या आजींना मात्र हे पहिल्या दिवशी करायचं नाही, त्या आधीच कोरड्या आहेत.